मदत हवी आहे: अर्जाचं पत्र ईमेलला जोडताना फाइल, फॉन्ट आणि समास कसे ठेवू?

चैत्रपालवी

उपसंपादक पदासाठी अर्ज करतेय. बायोडेटा तयार आहे, अडलंय ते सोबतच्या पत्रापाशी. पत्र मराठीत आहे, वर्डमध्ये केलंय, मंगल फॉन्ट, ११ पॉइंट, चारही बाजूंना २.५४ सेंमी समास. माझ्या लॅपटॉपवर ते एका पानात नेमकं बसतं. तीच `.docx` फाइल मैत्रिणीने फोनवर उघडली तर अक्षराचं वळण वेगळंच दिसलं आणि "आपली विश्वासू" व माझं नाव एवढंच दुसऱ्या पानावर गेलं. शिवाय मधले दोन परिच्छेद तिच्याकडे निव्वळ इंग्रजी अक्षरांचा गिचमिड काला होऊन आले. ते परिच्छेद भावाने पूर्वी टाइप करून दिलेल्या एका पत्रातून उचलले आहेत.

विचारायचं असं की, पीडीएफ करून पाठवलं की हे सगळं सुटेल ना? समास १ सेंमी केले तर चालतील का? आणि फाइलला नाव काय देऊ? सध्या `patra final 3 navin.docx` आहे. जाहिरातीत फाइलच्या प्रकाराबद्दल काही लिहिलेलं नाही. परवापर्यंत पाठवायचंय.

सरळरेघ

पीडीएफ अजिबात नको. हल्ली अर्ज आधी सॉफ्टवेअर चाळतं आणि त्याला पीडीएफ वाचता येत नाही. `.docx`च पाठवा. फॉन्ट बदलण्याची भीती असेल तर वर्डमध्ये File > Options > Save मध्ये `Embed fonts in the file` वर टिक करा, फॉन्ट फाइलसोबत जातो.

निळीशाई

मी माझं पत्र हाताने लिहून, सही करून, स्कॅन करून पाठवते. फॉन्टचा प्रश्नच येत नाही. मात्र मागच्या वेळी फाइल इतकी जड झाली की ईमेल परत आली. स्कॅन हलका कसा करायचा कोणी सांगेल का?

टाकबोरू

@निळीशाई, स्कॅन ३०० ऐवजी १५० डीपीआय आणि रंगीतऐवजी ग्रेस्केल ठेवा, एका पानाची फाइल पुष्कळ हलकी होईल. पण स्कॅन म्हणजे फोटो. त्यात शोधता येत नाही, त्यातून मजकूर उचलता येत नाही. हस्ताक्षरातला अर्ज मागितला असेल तरच ती वाट धरा.

@सरळरेघ, तुमचं म्हणणं अशा स्कॅनच्या बाबतीत खरं आहे. वर्डमधून नीट केलेल्या पीडीएफमध्ये मजकूर मजकूर म्हणूनच राहतो आणि तो वाचता येतो. जिथे `.docx` मागितली आहे तिथे तीच द्यावी, यावर वाद नाही. फॉन्ट सोबत पाठवायची सोयही चांगली, पण फोनवरची अ‍ॅप्स तो सोबतचा फॉन्ट वापरतीलच याचा भरवसा नाही. आणि पालवीताईंचं पत्र फोनवरच विस्कटलंय.

@चैत्रपालवी, तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत आणि पीडीएफने त्यातला एकच बरा होईल.

पान फुटतंय ते समोरच्याकडे मंगल नसल्यामुळे. त्याचं यंत्र दुसरा फॉन्ट लावतं, त्या फॉन्टच्या ओळींची उंची वेगळी, म्हणून शेवटचं पुढे ढकललं जातं. File > Save As मध्ये पीडीएफ निवडा. फॉन्ट फाइलमध्येच बसतो आणि पान जसंच्या तसं राहतं. खात्री करायची तर अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये फाइल उघडून Document Properties मधला Fonts टॅब बघा, फॉन्टच्या नावापुढे `Embedded Subset` दिसायला हवं.

गिचमिड झालेल्या परिच्छेदांचं मात्र तसं नाही. ते बहुधा युनिकोडच्या आधीच्या एखाद्या फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. अशा फॉन्टमध्ये फाइलच्या आत इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठी रूप देतो. म्हणून पीडीएफ केलीत की डोळ्यांना सगळं ठीक दिसेल आणि तिथेच फसगत होईल. ज्या माणसाला तुमचं पत्र कॉपी करून संपादकांकडे पुढे धाडायचंय, त्याच्या हाती काला पडेल. उपसंपादकाच्या अर्जात तर हे नकोच.

तपासणी सोपी आहे. ते परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी दिसलं तर युनिकोड. इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम दिसले तर पुन्हा टाइप करा. कन्व्हर्टर मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरं एकेक करून तपासावी लागतात. दोनच परिच्छेद आहेत, हातानेच करा.

आता समास. १ सेंमी नको. कागदावर छापलं तर मजकूर कडेला चिकटतो, फाइलला भोक पाडायला जागा उरत नाही. शिवाय तुमची जागा समासात नाही, ओळींमध्ये अडकली आहे. मंगलच्या ओळी स्वभावतःच लांब लांब पडतात. हिशोब बघा: ए४ पानाची उंची २९.७ सेंमी. वरखाली २.५४ सोडले की २४.६२ सेंमी उरतात, म्हणजे सुमारे ६९८ पॉइंट. एका ओळीला २० पॉइंट लागत असतील तर ३४ ओळी बसतात. वरखालचा समास २ सेंमी केलात तर ३६. पण समास तोच ठेवून Line spacing मध्ये `Exactly` निवडून १८ पॉइंट दिलेत तर ३८ ओळी बसतात.

याहून फार खाली मात्र जाऊ नका. १३-१४ पॉइंटवर आणलं की वेलांटी आणि रफार वरून कापले जायला लागतात. "कीर्ती" हा शब्द २०० टक्के मोठा करून बघा, दोन्ही वेलांट्या आणि रफार पूर्ण दिसले की झालं.

सरळरेघ

स्कॅनचा मुद्दा पटला. पण मंगलच का? कोकिळा वापरा, जागा खूप वाचते.

टाकबोरू

वाचते, कारण त्याच पॉइंटला कोकिळाचं अक्षर बरंच लहान दिसतं. वाचण्याजोगं करायला १४-१५ पॉइंट घ्यावे लागतात. मला स्वतःला पत्रासाठी नोटो सेरिफ देवनागरी किंवा मुक्ता आवडतात. एक सांभाळा: वर्डमध्ये देवनागरीचा आकार वेगळा नोंदला जातो. `Ctrl+D` दाबा, तिथे Complex scripts खाली फॉन्ट आणि आकार दिसेल. पत्रात मराठीच्या मध्ये ईमेल पत्ता किंवा इंग्रजी शब्द आला की वरचा आणि खालचा, दोन्ही फॉन्ट बघून घ्यायचे.

नावाबद्दल: रोमन अक्षरं, मध्ये जागा नको, आधी तुमचं नाव, मग पद. `Nav-Aadnav-Upasampadak-Arj.pdf` असं काहीतरी. त्यांच्या फोल्डरमध्ये `arj.pdf` नावाच्या ढीगभर फायली असतील. मराठीत नाव दिलं तरी बहुतेक ठिकाणी चालतं, पण काही अपलोड फॉर्ममध्ये त्याचं `%E0%A4%85%E0%A4%B0` असं शेपूट होतं.

आणि File > Info मध्ये Title बघायला विसरू नका. जुन्या पत्रावरून नवं केलं असेल तर तिथे जुनंच शीर्षक राहिलेलं असू शकतं. पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडली की फाइलच्या नावाऐवजी तेच वर टॅबवर झळकतं.

चैत्रपालवी

टाकबोरू, खूप आभार! नोटपॅडमध्ये दोन्ही परिच्छेद इंग्रजीच निघाले. पुन्हा टाइप केले, १८ पॉइंट दिले, आता सहीच्या खाली दोन ओळी मोकळ्या राहतात. Title मध्ये भावाच्या जुन्या अर्जाचा विषय होता, तो बदलला. पीडीएफ मैत्रिणीच्या फोनवर एका पानात दिसतेय.

एकच राहिलं. जाहिरातीत "अर्ज व बायोडेटा जोडावा" असं आहे. एकच पीडीएफ करू की दोन?

निळीशाई

एकच करा. दोन असल्या की एक उघडायची राहून जाते.

टाकबोरू

मी दोन पाठवतो, नावाची सुरुवात सारखी ठेवून, म्हणजे फोल्डरमध्ये शेजारी राहतात. बायोडेटा अनेकदा वेगळा पुढे जातो, पत्र त्याच्याबरोबर फिरावंच असं नाही. पण निळीशाईंचं म्हणणंही खोडता येत नाही. जमलं तर जाहिरातीतल्या पत्त्यावर विचारून घ्या.