शब्दचर्चा: ‘अल्टिमेट पेरेंट’ म्हणजे मूळ कंपनी की अंतिम सूत्रधारी कंपनी?

फोंडेकर: वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचे कागद मराठीत करतोय. बँकेच्या फॉर्मात ‘अल्टिमेट पेरेंट’ असा रकाना आहे. मी ‘मूळ कंपनी’ लिहिलं, पण त्या रकान्यात नाव नेमकं कुणाचं घालायचं तेच ठरेना. कारखान्याचे 60 टक्के शेअर मुंबईच्या एका कंपनीकडे आहेत, तिचे 55 टक्के सिंगापूरच्या कंपनीकडे आणि सिंगापूरवालीचे 70 टक्के एका जपानी कंपनीकडे. जपानी कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे, तिच्यात कुणाचाच हिस्सा मोठा नाही.

म्हापशाची वाचक: 60 चे 55 टक्के म्हणजे 33, त्याचे 70 टक्के म्हणजे जेमतेम 23. जपानी कंपनीकडे पाव हिस्साही नाही, मग ती पेरेंट कशी? मुंबईवालीचंच नाव घाला.

पणजीचे सीए: ताई, गुणाकार बरोबर आहे, पण तो नफ्यातल्या वाट्याचा झाला. सत्ता गुणाकारानं कमी होत नाही. कारखान्याच्या सभेत मुंबईवाली 60 टक्के मतं टाकते. ती कशी टाकायची हे मुंबईवालीचं संचालक मंडळ ठरवतं, ते मंडळ सिंगापूरवाली नेमते आणि सिंगापूरवालीचं जपानी कंपनी. प्रत्येक पायरीवर निम्म्याहून जास्त मतं असली की साखळी वरपर्यंत अखंड राहते. म्हणून इथे नाव जपानी कंपनीचंच. आपल्या कंपनी कायद्याच्या कलम 2(87) मध्ये हेच आहे: निम्म्याहून अधिक मतदानाचा हक्क, किंवा संचालक मंडळात कोण असावं ते ठरवण्याचा अधिकार. यातलं एक असलं तरी पुरतं.

‘मूळ कंपनी’ मात्र नको. सेसा गोवा बघा. तिची सुरुवात 1954 साली इटालियन भांडवलावर झाली, पुढे ती जपानच्या मित्सुईकडे होती आणि मित्सुईनं 2007 साली आपला 51 टक्के हिस्सा वेदांता रिसोर्सेसला विकला. ‘सेसाची मूळ कंपनी’ म्हटलं की वाचणारा इटालियनांपर्यंत मागे जाईल. आपल्याला आजचा धनी हवाय. वाणिज्याच्या मराठी पुस्तकांत होल्डिंग कंपनीला ‘सूत्रधारी कंपनी’ म्हणतात, तेव्हा ‘अंतिम सूत्रधारी कंपनी’ मला योग्य वाटतं.

डिचोलीकर: सेसाच्या वर वेदांता रिसोर्सेस, म्हणजे तीच अंतिम ना?

पणजीचे सीए: नाही. तिच्याही वर बहामातली व्होल्कन इन्व्हेस्टमेंट्स होती आणि व्होल्कन अनिल अगरवाल यांच्या कुटुंबाच्या ट्रस्टकडे. ट्रस्ट काही कंपनी नव्हे. म्हणून हिशेबाच्या टिपणांत अंतिम होल्डिंग कंपनी आणि अंतिम नियंत्रण असलेली व्यक्ती किंवा संस्था या दोन गोष्टी वेगळ्या धरतात. फॉर्म कंपनी विचारतोय की नियंत्रक, ते आधी वाचा.

आणखी एक. एकाच पायरीवर दोन-तीन भागधारक असतील तर प्रत्येकाचा वरचा मालक शोधा. एकाकडे 30 टक्के, दुसऱ्याकडे 25 टक्के आणि दोन्ही एकाच घरच्या सबसिडियरी, तर ते 55 टक्के एकत्र धरायचे. वेगवेगळे बघितले की कुणीच पेरेंट नाही असं वाटतं, आणि चुका सगळ्यात जास्त इथेच होतात.

फोंडेकर: हे तपासायचं कुठे?

पणजीचे सीए: खालून आणि वरून, दोन्हीकडून. कारखान्याच्या वार्षिक अहवालात संबंधित पक्षांचं टिपण असतं, तिथे होल्डिंग आणि अंतिम होल्डिंग कंपनीचं नाव मिळतं. मग जपानी कंपनीच्या एकत्रित ताळेबंदातली सबसिडियरींची यादी काढा आणि त्यात मुंबईवाली किंवा कारखाना सापडतो का बघा. सापडला तर उत्तमच. नाही सापडला तरी लगेच नाकारू नका, पुष्कळ अहवालांत फक्त प्रमुख सबसिडियरी छापतात. तारीख जरूर बघा. अहवाल मार्चचा आणि शेअर जूनमध्ये विकलेले, असं नेहमी होतं.

मडगावची उद्योजिका: आमचं पॅकिंगचं युनिट एका परदेशी कंपनीबरोबर 50-50 भागीदारीत आहे. बँक म्हणते अंतिम पेरेंट लिहाच. ‘अंतिम’ म्हणजे शेवटी बाहेर पडणारा भागीदार का?

पणजीचे सीए: नाही हो, इथे अंतिम म्हणजे साखळीत सगळ्यात वरचा. बरोबर 50 म्हणजे निम्म्याहून जास्त नाही, त्यामुळे मतांच्या जोरावर दोघांपैकी कुणीच होल्डिंग होत नाही. पण भागीदारीचा करार काढून वाचा. बहुतेक संचालक नेमायचा हक्क एकाच बाजूला दिलेला असेल तर उत्तर बदलतं.

मडगावची उद्योजिका: संचालक दोन-दोन आहेत. समसमान मतं पडली तर अध्यक्षांचं निर्णायक मत, आणि अध्यक्ष आळीपाळीनं, एक वर्ष आमचे आणि एक वर्ष त्यांचे.

डिचोलीकर: म्हणजे पेरेंट दरवर्षी बदलणार?

पणजीचे सीए: मला तसं वाटत नाही, हे संयुक्त नियंत्रणच म्हणायला हवं. पण ते निर्णायक मत कोणकोणत्या ठरावांना लागू आहे त्यावर बरंच अवलंबून आहे. अंदाजपत्रक आणि व्यवस्थापकीय संचालकाची नेमणूक त्यात येते का, ते बघून इथे लिहा. तोवर बँकेच्या रकान्यात एकच नाव घालू नका, दोन्ही भागीदारांची नावं आणि ‘50-50’ असं स्पष्ट लिहा.

फोंडेकर: मी ‘अंतिम सूत्रधारी कंपनी’ घेतो. पण कामगारांना द्यायच्या पत्रकात हा शब्द जड वाटतो. तिथे ‘सगळ्यात वरची मालक कंपनी’ चालेल का?

म्हापशाची वाचक: पत्रकात चालेल. फॉर्मात मात्र ‘मालक’ नको. मालक म्हटलं की माझ्यासारखी कुणीतरी पुन्हा 23 टक्क्यांचा हिशेब मांडेल.