मदत हवी आहे: क्षमता ठाऊक नसलेल्या केंद्रांसाठी घट्ट बिग-एम कसा काढावा?

नागपूरच्या कळमना मार्केटला रोज 2,000 क्रेट संत्री पोचवायची आहेत. काटोल, नरखेड, कळमेश्वर भागांतली कोणती संकलन केंद्रे उघडायची, हे ठरवणारे बायनरी मॉडेल पल्पमध्ये केले आहे. केंद्र उघडले की दिवसाचे स्थिर भाडे 20,000 रुपये. x[j] म्हणजे केंद्र j मधून जाणारे क्रेट आणि y[j] म्हणजे ते केंद्र उघडले की नाही. बंधन असे:

```
x[j] <= M[j] * y[j]
```

सुरुवातीला सगळीकडे M = 1,00,000 होता. त्यामुळे रिलॅक्सेशन 500 क्रेटसाठी y = 0.005 धरते, म्हणजे भाडे फक्त 100 रुपये. खालची मर्यादा इतकी स्वस्त निघते की ब्रँचिंग संपतच नाही. जिथे क्षमता 800 आहे तिथे M = 800 केला, तर तेच y 0.625 होते आणि भाडे 12,500. गॅप लगेच आवळला.

अडचण उघड्या आवारांची आहे, तिथे क्षमतेची मर्यादाच नाही. M = 2,000 बरोबर आहे, पण सैल. गावनिहाय आकडे नाहीत, म्हणून बंधन गावागावांत फोडता येत नाही. पल्पमधून इंडिकेटर बंधने देता येत नाहीत. प्रतवारी आणि ट्रकची बंधने मात्र आहेत.

विचार असा: हाती असलेल्या व्यवहार्य उत्तराचा खर्च कमाल मर्यादा म्हणून घालायचा, रिलॅक्सेशनवर प्रत्येक x[j] चे कमाल मूल्य काढायचे आणि तेच M[j] धरायचे. याने इष्टतम उत्तर कापले जाणार नाही ना? आणि नव्या M वर हेच पुन्हा करत राहावे का, की एका फेरीनंतर फायदा नगण्य होतो?