मदत हवी आहे: कोंबुचावर पांढरे ठिपके, ठेवू की ओतून देऊ?

रेवा_क: २ लिटर काळा चहा, १५० ग्रॅम साखर. मैत्रिणीने चहा आंबवून कोंबुचा करणारी जिवाणू-यीस्टची चकती दिली, पण तिच्यासोबत आधीच्या कोंबुचाचं जुनं आंबट पाणी जेमतेम चार चमचे होतं. आठवडा होत आला, पीएचची पट्टी ४.६च्या आसपास दाखवतेय. वर वाटाण्याएवढे पांढरे ठिपके आलेत. ते काढून बाकीचं पिता येईल का? आईची किमोथेरपी नुकतीच संपलीय, पोट बिघडलेलं असतं. प्रोबायोटिक म्हणून तिलाही द्यायचा विचार होता.

आंबटशौकीन: आंबट वास येतोय ना? मग घाबरू नकोस. आम्लात जंतू टिकत नाहीत. ठिपके काढ आणि पी.

बरणीवाला: आम्ल वाचवतं हे खरं, पण ते आधी तयार व्हायला हवं. आठवड्याने पीएच ४.२च्या खाली नसेल तर मी ती बरणी पीत नाही. २ लिटरला निदान २०० मिली जुनं आंबट पाणी लागतं. चार चमच्यांत चहा सुरुवातीचे दिवस उघडाच पडला. शिवाय बुरशी आम्लातही वाढते.
रेवा, ठिपके कोरडे, कापसासारखे लवदार आहेत की ओले, गुळगुळीत? नवी चकती धरतानाही पांढरे डाग दिसतात, पण ते ओलसर असतात. तपकिरी लोंबकळणारे धागे यीस्टचे, त्यांना घाबरायचं कारण नाही.

रेवा_क: कोरडे. एकाच्या मध्यभागी हिरवट झाक आहे. आता व्हिनेगर ओतलं तर?

बरणीवाला: मग बुरशीच. व्हिनेगर चहा लावतानाच घालायचं असतं, आता पीएच खाली येईल पण बुरशीने सोडलेलं विष तसंच राहील. चकतीसकट सगळं टाक, बरणी उकळत्या पाण्याने धू.
आणि आईला देऊ नकोस, चांगली जमलेली बरणीसुद्धा नाही. प्रतिकारशक्ती खाली असताना घरचं, न उकळलेलं आंबवण नको. पोटाचं तिच्या डॉक्टरांना विचार.

शमा७८: मी रोज मोठा ग्लास पिते, हल्ली दात शिवशिवतात. तुमच्यापैकी कोणाला होतं का?

बरणीवाला: होणारच, तयार कोंबुचाचा पीएच ३च्या आसपास असतो. थोडा पी, एका बैठकीत संपव, वर लगेच ब्रश करू नकोस.

आंबटशौकीन: इतकं भ्यायचं तर प्यावंच कशाला! प्रोबायोटिकचे फायदे सगळीकडे लिहिलेत.

बरणीवाला: लिहिलेत, पण तुझ्या बरणीत कोणते जिवाणू आहेत हे तुलाही माहीत नाही. त्यात मुख्यतः व्हिनेगर बनवणारे असतात, लॅक्टोबॅसिलस असतीलच असं नाही. माणसांवरचे प्रयोग मोजके आणि लहान. १९९५ मध्ये अमेरिकेत आयोवात रोज कोंबुचा पिणाऱ्या दोन स्त्रियांच्या रक्तात आम्ल धोकादायक वाढलं, एक दगावली. कारण कोंबुचाच, हे सिद्ध झालं नाही.

आंबटशौकीन: सिद्ध झालं नाही ना, मग?

शमा७८: तुमचं चालू द्या. स्ट्रॉने प्यायलं तर दात वाचतात का?

रेवा_क: ओतून दिलं. मैत्रिणीकडे त्याच चकतीची बहीण आहे, तिलाही पट्टी बुडवायला सांगते.