प्रतिसाद: ॲसेटिक ॲसिडचा कर्व्ह

> "ॲसेटिक ॲसिडच्या टायट्रेशनमध्ये इक्विव्हॅलन्स पॉइंट पीएच ७ ला धरायचा ना? आणि बफर रीजन नेमका कुठे?"

नाही, ७ ला धरू नका. समजा २५ मिली ०.१ मोलर ॲसेटिक ॲसिड घेतलंय आणि ब्युरेटमध्ये ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड आहे, तर २५ मिली पडलं की फ्लास्कमध्ये फक्त सोडियम ॲसेटेट उरतं, ते पाण्याशी रिॲक्ट होऊन थोडं हायड्रॉक्साइड तयार करतं म्हणून पीएच साधारण ८.७ येतो. ७ तर त्याच्या जरा आधीच, २४.८६ मिलीच्या आसपास येऊन जातो.

बफर रीजन म्हणजे मधला सपाट भाग, साधारण २.३ ते २२.७ मिली, पीएच ३.७६ ते ५.७६. त्याच्या बरोबर मध्ये १२.५ मिलीला ॲसिड आणि ॲसेटेट सारखंच असतं, तिथला पीएच म्हणजेच पीकेए, ४.७६. म्हणजे आधी इक्विव्हॅलन्सचं व्हॉल्यूम शोधा, त्याचं अर्धं करा आणि तिथला पीएच वाचा, एवढंच.

आता गडबड कुठे होते तर सगळीकडे १-१ मिली टाकत गेलात की उडीवर पॉइंटच नसतात. २४.९ ला पीएच ७.२ आणि २५.१ ला थेट १०.३, त्यामुळे २४ नंतर ०.१ मिलीनेच टाका, लागोपाठच्या दोन रीडिंगमधला पीएचचा फरक भागिले व्हॉल्यूमचा फरक काढा, तो जिथे सगळ्यात मोठा तिथे तुमचा पॉइंट. इंडिकेटर फिनॉल्फ्थॅलिनच घ्या, मिथाइल ऑरेंज बफर रीजनमध्येच हळूहळू रंग बदलत बसतो.