‘गुण’ ऱ्हस्व का?

> ‘गुण’ म्हणताना ‘गु’ लांबतो, मग लिहिताना ऱ्हस्व का?

तुमचा कान बरोबर आहे. आमच्या कोल्हापूरच्या गुऱ्हाळावरचा ‘गूळ’ आणि परीक्षेतले ‘गुण’ लागोपाठ म्हणून बघा, उकार सारखाच लांबतो. शेवटचा ‘अ’ आपण उच्चारत नाही, त्यामुळे अख्खा शब्द एकाच झटक्यात येतो आणि मधला स्वर ताणला जातो. ‘गुळाला’, ‘गुणाला’ म्हटलं की पुढे ‘आ’ येतो आणि दोन्हीकडचा ‘गु’ आखडतो.

फरक फक्त लेखनात आहे. ‘गूळ’ मराठी वळणाचा, म्हणून दीर्घ. ‘गुण’ तत्सम, म्हणून संस्कृतातला ऱ्हस्व तसाच ठेवलाय. संस्कृत श्लोकात शेवटचा ‘अ’ स्पष्ट म्हणतात, तिथे ‘गुण’मधला उकार खरोखरच ऱ्हस्व ऐकू येतो. (‘विष’ आणि ‘वीस’ यांचंही हेच रडगाणं!)