डोक्यात 'चट्टा' आला की 'चाई' पडली? डॉक्टरांना फोटोसोबत काय लिहायचं

प्राजक्ता, महाल: भाच्याच्या डोक्यात मागून एका जागचे केस गेलेत, स्किनच्या डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले न खाली लिहिलं 'चट्टा आलाय'. त्यांनी लगेच विचारलं, रंग बदललाय का, खपली आहे का? तसं काहीच नाही, जागा अगदी गुळगुळीत आहे. शब्द चुकला का माझा?

वामनकाका: चुकलाच. चट्टा कातडीवर उठतो. कातडी चांगली न फक्त केस गेले तर ती चाई. 'चाई पडली' लिहा, झालं.

गोलू, इतवारी: आमच्याकडे बालखोरा म्हणतात भाऊ, केस खाणारा किडा असते. माझ्या दाढीत झालं होतं तं न्हाव्यानं लसूण घासून दिला, आठ दिवस आग होऊन राहिली होती.

मंदाताई: मी स्किन ओपीडीत सिस्टर होते म्हणून सांगते. गोलू, किडा बिडा काही नसतो रे, आपल्याच शरीरातल्या पेशी केसांच्या मुळावर उलटतात. आणि लसणानं कातडी भाजली की फोटोत लाल जागा दिसते, मग डॉक्टरला मूळचं काय ते कळतच नाही.
पण काका, नुसतं 'चाई' लिहूनही भागत नाही. लहान पोरांच्या डोक्यात गजकर्ण झालं तरी लोक चाईच म्हणतात, त्यात कोंड्यासारखे पापुद्रे असतात, केस कातडीलगत तुटून काळे ठिपके उरतात, आणि औषध पूर्ण वेगळं, पोटातून घ्यायचं. घरात पडलेली स्टेरॉइडची ट्यूब त्यावर लावली तर वरून बरं वाटतं न आतून पसरतं. म्हणून रोगाचं नाव राहू दे, दिसतं ते लिही: 'डोक्याच्या मागे, उजव्या कानाच्या वर, एक गोल जागा, अडीच सेंटिमीटर, तीन आठवड्यांपासून, गुळगुळीत, पापुद्रे नाहीत, खाज नाही.' खाज न दुखणं फोटोत येत नाही, ते लिहावंच लागतं.

प्राजक्ता: मी 'रुपयाएवढी' लिहिलं होतं.

मंदाताई: जुना रुपया मोठा, नवा लहान. पट्टी बाजूला धरून फोटो काढ. तेल लावलं होतं का?

प्राजक्ता: हो, आईनं रोज चोळलं.

मंदाताई: तेलानं पापुद्रे चिकटून बसतात न जागा उगाच गुळगुळीत दिसते! शाम्पू करून, वाळवून, खिडकीपाशी फ्लॅश न लावता दोन फोटो काढ, एक लांबून, एक जवळून कडेचा. चाई असली तर कडेला आखूड केस दिसू शकतात, वर जाड न मुळाशी निमुळते. नखांचाही पाठव, टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे असले तर तेही सांग.

रश्मी: माझे समोरून विरळ होताहेत, ही पण चाईच का?

मंदाताई: नाही ग, ते हळूहळू विरळ होणं. चाईत ठरावीक जागेचेच जातात, तुझं वेगळं लिही.

प्राजक्ता: धुऊन पाहिलं ताई, कडेला खरंच थोडे पापुद्रे निघाले. आता 'गुळगुळीत' काढून टाकते. पण त्या मुळाशी निमुळत्या केसांना एक शब्द आहे का?

वामनकाका: 'खुंट' म्हणावं.

मंदाताई: खुंट तर गजकर्णातल्या तुटक्या केसांना जास्त शोभतो काका. मला तरी शब्द माहीत नाही.