'त्वरित विरोध न केल्याबद्दल' म्हणजे काय?

मीनल, ठाणे (पाचपाखाडी)
भावाने गेल्या वर्षी फ्लोरेन्समध्ये भाड्याची गाडी चालवली. आता रजिस्टर पोस्टाने इटालियन नोटीस आली आहे. फोटोवर भाषांतर केलं तर गुन्ह्याखाली येतं, 'त्वरित विरोध न केल्याबद्दल'. मूळ शब्द 'मांकाता कॉन्तेस्तात्सियोने इम्मेदियाता'. भाऊ म्हणतो, विरोध करायची मुदतच गेली, भरून टाकू. मला हे पटत नाही. हा शब्द नक्की काय?

सुहास, वाशी
आम्हाला पामबीच रोडचं ई-चलन आलं होतं, तेव्हा साइटवर तक्रार टाकली आणि फोटोतली गाडी आमची नाही हे दाखवलं. तसंच करा. नंबर नीट बघा.

मीनल
काका, गाडी तीच आहे हो, नंबर बरोबर आहे. मी शब्दाबद्दल विचारतेय.

अनघा, घोडबंदर रोड
मी अशा कागदांचं भाषांतर करते. इथे फोन फसतो. इटालियन वाहतूक कायद्यात 'कॉन्तेस्तात्सियोने' वाहनचालक करत नाही, पोलीस करतो. तू हा नियम मोडलास असं तोंडावर सांगणं, म्हणजे ते. 'मांकाता' म्हणजे झालं नाही. कॅमेऱ्याने पकडलं, गाडी थांबवली नाही, म्हणून 'जागच्या जागी आरोप सांगता आला नाही' आणि त्याचं कारण कायद्याने लिहावं लागतं. ते वाक्य पोलिसांच्या बाजूचं आहे, भावाच्या चुकीचं नाही. चूक वेगळ्या ओळीत असेल, 'झेडटीएल' बघ.

मीनल
आहे! 'अक्चेस्सो इन झेडटीएल सेन्त्सा ऑतोरित्झात्सियोने'.

अनघा
म्हणजे मर्यादित वाहतुकीच्या भागात परवानगीशिवाय शिरला. जुन्या शहराच्या तोंडाशी पाटी आणि कॅमेरा असतो. गाडी भाड्याची म्हणून पोलिसांनी कंपनीकडून नाव मागवलं, त्यात वेळ गेला. परदेशी राहणाऱ्याला नोटीस पोचवायला त्यांना 360 दिवस मिळतात. कंपनीने कार्डावरून काही पैसे कापले असतील, तर ती नाव कळवण्याची फी, दंड वेगळाच.

सुहास
मग मराठीत 'जागेवर पावती फाडली नाही' म्हणा की.

अनघा
अर्थ लोकांना लगेच कळेल, पण पावती फाडली म्हणजे पैसे घेतले असं आपण समजतो. इथे नुसता आरोप कळवायचा असतो. मी 'जागीच नोंद दिली नाही' लिहिते, तेही मनाला पूर्ण पटत नाही.

केदार, ऐरोली
रक्कम 'मिझुरा रिदोत्ता' म्हणजे सवलतीत लिहिली असेल. ती पाच दिवसांतच भरायची.

अनघा
अर्धंच बरोबर, केदार. 'रिदोत्ता'चा अर्थ कमी केलेली हा खराच, पण ती कायद्याने ठरवलेली किमान रक्कम, सवलत नव्हे. ती 60 दिवसांत भरता येते. 30 टक्के सूट तिच्यावर वेगळी मिळते, ती पाच दिवसांत. मीनल, आकडे काय आहेत?

मीनल
83 युरो, शिवाय 22 युरो 'स्पेसे दी नोतिफिका'. नोटीस 3 जूनला हातात आली.

अनघा
सूट फक्त 83 वर. 58.10 अधिक 22, म्हणजे 80.10 युरो, 8 जूनपर्यंत. ते हुकलं तर 105 युरो, 2 ऑगस्टपर्यंत. त्यानंतर कमाल दंडाच्या निम्मे, म्हणजे 332 चे 166, अधिक खर्च 22. आणि 'नोतिफिका'ला फोनने 'सूचना' म्हटलं असेल. ते 'बजावणी' घे. दिवस मोजायचे ते कागद हातात पडल्यापासून, छापलेल्या तारखेपासून नाही. पाकीट जपून ठेव, त्यावरच्या शिक्क्याची गरज पडेल.

मीनल
आणि विरोध करायचा असेल तर?

अनघा
तो शब्द 'रिकोर्सो'. मराठीत 'दाद मागणे'. दोन दारं आहेत. प्रीफेत्तो, आपल्या जिल्हाधिकाऱ्यासारखा अधिकारी, 60 दिवसांत, फुकट. पण फेटाळलं तर किमान दंडाच्या दुपटीपेक्षा कमी होत नाही. किंवा शांतता न्यायाधीश, तिथे 43 युरो फी. नोटिशीवर 30 दिवस छापलेले असतात, पण परदेशात राहणाऱ्याला कायदा 60 देतो. हे छापलेलं नसलं की लोक घाबरून पैसे भरतात.

केदार
दोन्हीकडे एकदम टाकायचं.

अनघा
नाही, एकच निवडायचं. प्रीफेत्तोने फेटाळलं तर मात्र न्यायाधीशाकडे जाता येतं. आणि एकदा पैसे भरले की दाद संपली. कारण हवं: गाडीच्या नंबराची चूक, बजावणीला झालेला उशीर, किंवा हॉटेलने नंबर कळवून परवानगी घेतल्याचा पुरावा. 'पाटी दिसली नाही' हे सहसा टिकत नाही. अर्जही इटालियनमध्ये लागतो.

मीनल
हॉटेल जुन्या शहरातच होतं. त्यांनी कळवलं होतं का, भावाला आठवत नाही. आज विचारते. आणि 8 तारखेच्या आत उत्तर आलं नाही तर?

अनघा
मग तेवढ्यात ठरवावं लागेल. 80 युरो की वाद, हे तुम्हीच बघा. कापलेल्या फीची पावतीही शोध.

सुहास
'जागीच आरोप कळवला नाही' कसं वाटतं?

अनघा
काका, हे माझ्यापेक्षा बरं आहे.